बुध वक्री आणि एक्सला मेसेज : काय अनुभव?

मीनल_राजवाडा
फोनने आज आपणहून इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचे जुने फोटो वर आणले. राजवाडा, गुलाल, आणि कोपऱ्यात *तो*. तेवढ्यात एका मैत्रिणीचं रील आलं, ‘बुध वक्री, एक्स परत येणार, सावध राहा!’ खरंच असं काही असतं का? लिहा बिनधास्त.

भुक्कड_छप्पन
आधी विचारते, गेरला गेली होतीस आणि तोंड रंगलेलं नसताना फोटो निघाला?? अशक्य 😂

पंचांगवाले_काका
मीनल, आपल्या जुन्या ज्योतिषात बुध म्हणजे वाणी, हिशेब, व्यापार. नात्यांचा कारक शुक्र. वक्री बुधामुळे एक्स परत येतो हे अलीकडचं पाश्चात्त्य मासिकी ज्योतिष आहे, ‘पुन्हा’ या एका शब्दावर उभारलेलं. पुन्हा तपासा, पुन्हा भेटा, पुन्हा बोला.

सचिन_सुखलिया
काका बरोबर. वक्री ग्रह दुर्बळ होतो ना, म्हणून डोकं चालत नाही आणि मेसेज जातो.

पंचांगवाले_काका
उलट आहे रे. वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, म्हणजे तो बलवान धरतात. दुर्बळ म्हणतात ते अस्ताला. आणि वक्रीच्या मधल्या दिवसांत बुध सूर्याजवळ असतो, त्यामुळे अस्तही असतोच. एकाच वेळी बलवान आणि अस्तंगत! आता कोण काय फळ सांगेल, ते सांगणाऱ्यावर.

वेधशाळा_वारी
मागे कोणी जात नाही. बुध आतल्या कक्षेत, 88 दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो. साधारण 116 दिवसांनी तो आपल्याला आतून ओलांडून पुढे जातो, तेव्हा आपल्याला तो ताऱ्यांमध्ये उलटा सरकताना दिसतो. वर्षाला तीनदा, कधी चारदा, दर वेळी तीन आठवडे. एकदा उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत जाऊन या.

ताई_महू
माझी रास कन्या, स्वामी बुधच. मी लॅपटॉप घेऊ का पुढच्या महिन्यात?

भुक्कड_छप्पन
ताई, धागा एक्सचा आहे. लॅपटॉप तुमचा एक्स आहे का 🙈

अंकगणित_आत्या
मी तारखाच मांडते, वर्ष 2025.

वक्री काळ: 15 मार्च ते 7 एप्रिल, 18 जुलै ते 11 ऑगस्ट, 10 ते 29 नोव्हेंबर. (ॲपवर 9 नोव्हेंबर दिसेल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, एवढाच फरक.) सगळे मिळून साधारण 67 दिवस, म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. इथपर्यंत ठीक.

पण रीलवाले ‘छाया’ही धरतात, आधीचे आणि नंतरचे दोन-अडीच आठवडे. ती जोडली की 170 च्या आसपास दिवस होतात. जवळजवळ अर्धं वर्ष! एक्सचा मेसेज कधीही आला तरी नाणं उडवल्याइतपत शक्यता आहे की तो ‘बुधात’ पडेल.

आता त्या दिवसांत काय काय होतं बघा. 19 मार्च रंगपंचमी. 30 मार्च गुढीपाडवा. 3 ऑगस्ट फ्रेंडशिप डे. छायेत 22 ऑक्टोबरचा दिवाळी पाडवा. जुनी माणसं ‘हॅपी दिवाळी’ पाठवतात ती दिवाळी असते म्हणून.

सचिन_सुखलिया
पण आत्या, मला तर वक्रीतच आठवण येते!

अंकगणित_आत्या
कारण वक्री आहे हे कळल्यावर तू मोजतोस. बाकीच्या दिवसांत आलेली आठवण लक्षात राहत नाही. वहीत लिही: तारीख, वेळ, आधी काय झालं. फोटो, लग्नपत्रिका, रात्रीची झोप नाही, काय ते. दोन महिने पंचांग उघडू नकोस, मग तारखा जुळव. आधी उघडलंस तर मोजणीच बिघडते.

मीनल_राजवाडा
रात्री साडेअकराला हात शिवशिवला तर?

वेधशाळा_वारी
मेसेज त्याच्या चॅटमध्ये टाइपच करू नकोस, एका चुकीच्या स्पर्शाने जातो. स्वतःलाच पाठवायच्या चॅटमध्ये लिही, सकाळी पोहे खाऊन वाच. आणि पाठवून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलंस तरी त्याच्याकडे ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते. ती मेसेजपेक्षा जास्त बोलते.

ताई_महू
सकाळी वाचल्यावरही पाठवावासा वाटला तर?

अंकगणित_आत्या
तर पाठवू दे. त्यात बुधाचं काही नाही. फक्त काय हवंय ते एका वाक्यात लिहिता येतंय का पाहा. ‘कसा आहेस’ लिहून उत्तराची वाट बघत बसणं वेगळं आणि ‘माझी पुस्तकं परत दे’ वेगळं.

पंचांगवाले_काका
जन्मकुंडलीतच बुध वक्री असेल तर तो वेगळा विचार आहे हं. त्यावर माझं आणि आत्याचं कधीच पटायचं नाही.

अंकगणित_आत्या
नाहीच पटायचं.

भुक्कड_छप्पन
सराफ्यात गराडू सुरू झाले का, एवढं कोणी सांगा. त्याचा मुहूर्त महत्त्वाचा आहे भिया.