दुकान बंद करतोय: ज्यांचे तबले माझ्याकडे आहेत त्यांच्यासाठी

नमस्कार मंडळी,

फोंड्याचं तबल्याचं दुकान यंदाची चवथ झाली की बंद करतोय. गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, आणि तबला पायांत धरल्याशिवाय वादी ओढता येत नाही. दुसरं काही कारण नाही. सुट्टीला आलात की आधी डग्गा माझ्याकडे टाकून मग घरी जाणारे तुम्ही; तुमच्यामुळे दुकान चाललं. मनापासून आभार.

राहिलेल्या कामांचं सांगतो. पुडी चढवून सुरात लावलेले तबले चवथीच्या भजनांआधी तयार असतील. नेताना स्वतः वाजवून घ्या.

ज्यांच्या पुडीवर शाई घालायची राहिलीय, त्यांचं मात्र पावसात जमणार नाही. एक थर लावायचा, दगडाने घोटायचा, सुकला की पुढचा. हवा ओली असली की आतला थर कच्चाच राहतो. वरून छान दिसतं, पण थोड्याच दिवसांत कडेला पोपडे सुटतात. सुरामागे बारीक झरझर ऐकू आली की समजायचं, शाई सुटली. जाता जाता असलं काम माझ्या हातून नको. तुमचं खोड आणि आगाऊ घेतलेले सगळे पैसे परत देतो. कार्डाने भरलेले त्याच कार्डावर जातील, त्यामुळे ते पोचेपर्यंत दुकानाचं खातं चालूच ठेवणार आहे.

— काका

काका, फार वाईट वाटलं. पण शाई उन्हात वाळवली तर? इथे मस्कतला ऊनच ऊन आहे. पैसे नकोत, अर्धी पुडी द्या, मी वाळवतो.
— मिलिंद

मिलिंद, कोरडी हवा चांगली, कडक ऊन नाही. वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो. शिवाय तुझ्या पुडीवर अजून एकही थर नाही, वाळवणार काय?
— काका

माझा डग्गा मेलबर्नला कुरियर कराल का? पैसे नको, वस्तू हवी.
— नीता

नीताताई, तुमचा डग्गा तयार आहे. पण कातडं आहे, तुमच्याकडे जैवसुरक्षावाले उघडून बघतात. पाठवताना कागदावर कातडं आहे असं स्पष्ट लिहावं लागेल. अडकला तर मी इथून काही करू शकणार नाही. म्हापशाच्या भावाकडे ठेवू का?
— काका

आणि आमचं घुमट? त्यावर घोरपडीचं कातडंच हवं म्हणतात सासरे.
— संजय

संजय, घोरपड कायद्याने संरक्षित आहे, ते कातडं मी कधी हातात धरलेलं नाही. बकरीचं चढवून ठेवलंय. सासऱ्यांना वाजवून बघू दे, मग बोला.
— काका

काका, पुढच्या वर्षी पुडी बदलायची झाली तर कोणाकडे जायचं?
— मिलिंद

मडगावात एक मुलगा शिकतोय. वादी चांगली ओढतो. शाईचं मला अजून सांगता येत नाही.
— काका