मदत हवी आहे: सेटलमेंट फेल, कोड INVALID_IFSC

नमस्कार, सोलापुरातून चादरी-टॉवेल ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकांची पेमेंट नीट येतायत, पण सोमवारपासून तुमच्या पेमेंट गेटवेकडून आमच्या बँक खात्यात होणारं सेटलमेंट फेल होतंय, कोड `INVALID_IFSC`. आमची बँक शाखा दुसरीत विलीन झाली, म्हणून नव्या चेकबुकवरचा आयएफएससी डॅशबोर्डवर टाकला, पाचवं अक्षर शून्यच आहे, ओ नाही, १ रुपयाचं व्हेरिफिकेशनही पास झालं, म्हणजे खातं चालू आहे, तरी फेल सेटलमेंटच्या डिटेलमध्ये अजून जुनाच कोड दिसतोय आणि यूटीआरचा रकाना रिकामा, त्यामुळे बँकवाले म्हणतात आमच्याकडं काही आलंच नाही. केवायसी पूर्ण आहे, होल्ड नाही. शनिवारी यंत्रमागवाल्यांचा हिशोब द्यायचाय हो. अडकलेले पैसे नव्या आयएफएससीवर आपोआप येतील की तुम्हाला तिकडून रीट्राय करावं लागेल?