बाबांच्या कपाटातल्या बाटल्या दादाने ओतून टाकल्या. आता मी विषय कसा काढू?

दूरची_लेक
बाबा ७२ वर्षांचे. बडोद्याला कारेलीबागेत दादा-वहिनींकडे असतात. आई जाऊन दीड वर्ष झालं. परवा वहिनीला त्यांच्या कपाटात गोधड्यांच्या मागे अकरा रिकाम्या क्वार्टर आणि दोन भरलेल्या सापडल्या. एकटेच, दार लावून, रात्री पितात. काल रात्री दादाने भरलेल्या दोन्ही त्यांच्या देखत बेसिनमध्ये ओतल्या. आता कुणाच्या तरी ओळखीने एक पूड मागवली आहे, चहात घालायची. म्हणतात त्याने दारूची किळस येते. मी उद्या पुण्याहून निघतेय. बाबांशी कसं बोलू?

निवृत्त_सिस्टर
अगं, बोलायचं कसं ते मागाहून सांगते. आधी दादाला फोन लाव आणि ती पूड चहात जाऊ देऊ नको. आणि बाबांनी शेवटचं कधी घेतलं ते नक्की विचार. चौतीस वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली मी. हे ओतून टाकणं ज्या ज्या घरात शौर्य समजलं जातं, त्या घरांतली म्हातारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आमच्याकडे येतात. फार राग येतो मला याचा, म्हणून लांबलचक लिहितेय.

रोजची क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे तीसचे सहा पेग. रोज एवढं घेणाऱ्याचं शरीर त्यावर बेतलेलं असतं. ते एकदम बंद केलं की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, नाडी धावते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, आणि उतारवयात तो जिवावर बेततो. सगळ्यांना होतं असं नाही. पण कुणाला होईल हे बाहेरून कळत नाही. म्हणून पुढच्या चार रात्री बाबांना एकटं झोपू देऊ नका. कप धरताना बशी वाजते का, घाम सुटलाय का, नसलेली माणसं दिसतात का, यावर लक्ष ठेवा. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.

पूड कशाची आहे कुणालाच माहीत नसतं. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं, त्यावर दारू घेतली की त्रास होतो असं औषध. डॉक्टर ते देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय तपासून. न सांगता दिलं आणि बाबांनी लपवलेली तिसरी बाटली काढली, तर चेहरा लालबुंद, ओकाऱ्या, छातीत धडधड, बीपी खाली. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. किळस येते म्हणतात ती हीच.

मांडवीकर
सिस्टर, तुम्ही घाबरवताय. माझे सासरे अशीच घ्यायचे. मी त्यांना रोज मोजून द्यायला लागलो, आठवड्याला तीस मिली कमी. दीड महिन्यात शून्यावर आले. कुठला दवाखाना नाही, काही नाही. आणि मूळ मुद्दा हा की गुजरातेत दारूबंदी असली तरी चाळिशीपुढच्या माणसाला तब्येतीच्या कारणासाठी परमिट मिळतं. बाबांनी ते काढलं असतं तर चोरून प्यायची वेळच आली नसती. या राज्यात म्हाताऱ्याला साधा पेग घ्यायला गोधड्या लागतात, ही शरम आहे.

रावपुरा_जुनी_पेठ
शरम कसली? बंदी आहे म्हणून माझ्या बहिणीला रात्री अकराला स्टेशनवरून रिक्षाने एकटीला येता येतं. परमिटचं कौतुक सांगू नका. आमच्या वाड्यात एकाचं परमिट होतं, त्यावर चार जण प्यायचे.

मांडवीकर
आणि बंदी आहे म्हणून जुलै २०२२ मध्ये बोटादकडे लोक मिथेनॉल पिऊन मेले, तेही सांगा. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत, बड्या कंपन्यांच्या त्या वसाहतीत, दारूला सूट दिली. सूटबूटवाल्यांना ग्लास आणि आमच्या बाबांना पोलीस.

रावपुरा_जुनी_पेठ
मिथेनॉल विकणारा गुन्हेगार आहे, कायदा नाही. तुम्हाला घरपोच पाहिजे म्हणून सगळ्या राज्याने दुकानं उघडायची का? माझा बाप पिऊन गेला, तुमचा गेला नाही म्हणून हे सुचतंय.

मांडवीकर
माझ्या बापापर्यंत जायचं कारण नाही.

इंदूरची_राजवाडा
अहो थांबा दोघंही. आमच्या इंदुरात दुकान कोपऱ्यावर आहे, कायद्याने कुणी विचारत नाही. तरी माझे बाबा लपूनच प्यायचे. लोटीत ओतून, वर तुळशीचं पान ठेवून. मी लहानपणापासून त्यांना देवभोळे समजत होते. लाज कायद्याची नसते, घरातल्यांची असते. दूरची लेक, मी तुझ्याच जागी होते आणि चूक केली. रिकाम्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, नातवंडांसमोर. बाबा उठून गेले. त्यानंतर सात महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि पिणं दुप्पट झालं. ते टेबल मला अजून झोपू देत नाही.

सयाजीगंज_२
सरळ व्यसनमुक्ती केंद्रात फोन करा. गाडी येते, दोन पोरं उचलून नेतात, तीन महिन्यांनी माणूस सरळ. दादाला पण टाका, तोही घेतोय म्हणताय ना.

दूरची_लेक
दादा घेत नाही हो. तो ओतणारा. आणि बाबांना कुणी उचलून नेलेलं मला नकोय.

निवृत्त_सिस्टर
भानावर असलेल्या माणसाला असं उचलून नेणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बसत नाही. आणि तसं नेलेला बाप परत आल्यावर मुलाच्या हातचं पाणी घेत नाही, हे मी पाहिलंय.

मांडवीकर, तुमचं अर्धं मान्य करते. डॉक्टरांकडे जाईपर्यंत एकदम तोडू नये, हे खरं. पण मोजून पाजणं हा उपचार नाही. सासऱ्यांना फिट आली नाही, हे त्यांचं नशीब. ७२ व्या वर्षी शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, तेवढाच पेग जास्त चढतो. त्यात झोपेची गोळी असेल तर रात्री बाथरूमला उठताना पडणं ठरलेलं.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं सांगते. ७४ वर्षांचे, निवृत्त कारकून. पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनसाठी दाखल केलं. दारूबद्दल मुलाला माहीत होतं, पण इज्जतीसाठी फॉर्मवर 'व्यसन नाही' लिहून आला. तिसऱ्या रात्री काका भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागले. चादर ओढायचे, सलाईन उपटायचे. वय झालंय, डोकं फिरलंय, म्हणून त्यांचे हात बांधले. मी भेटायला गेले तेव्हा मुलाला बाहेर बोलावून विचारलं, रोज किती घेत होते? तो रडायला लागला. खरं कळल्यावर डॉक्टरांनी थायमिन आणि योग्य ते औषध सुरू केलं आणि दोन दिवसांत काकांनी मला नावाने हाक मारली. एक ओळ खरी लिहिली असती तर हात बांधावे लागले नसते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी रोजचं प्रमाण, शेवटची वेळ आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांग. झोपेचीही.

आता बोलायचं. रात्री नाही, प्यायलेले असताना तर नाहीच. सकाळी, चहा-पेपर झाल्यावर, तू एकटीने. बाटल्या आणू नको. 'दारुडे' हा शब्द नको. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांग आणि थांब. मग विचार, एखादा दिवस चुकला तर हात कापतात का, झोप कशी लागते. 'किती पिता' विचारलंस की आकडा खोटा येईल.

रावपुरा_जुनी_पेठ
एवढं गोंजारून बोलायचं? आईने पंधरा वर्षं गोंजारलं माझ्या बापाला. सोमवारी शपथ, शनिवारी बाटली. कधी तरी कडक व्हावंच लागतं.

इंदूरची_राजवाडा
तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण कडक होणं आणि चारचौघांत नागवं करणं यात फरक आहे. मी दुसरं केलं होतं.

दूरची_लेक
चार दिवसांनी लिहितेय. सिस्टर, तुमचं वाचून दादाला त्याच क्षणी फोन केला. संध्याकाळी बाबांच्या हातात बशी वाजत होती, शर्ट घामाने ओला. दादा म्हणत होता एसी लावू. नाडी मोजायला लावली, ११२. रात्रीच दाखल केलं. मी फोनवर डॉक्टरांना रोजची एक क्वार्टर असं स्पष्ट सांगितलं. दादा गप्प उभा होता म्हणे. तीन रात्री ठेवलं. फिट आली नाही. पूड वहिनीने फेकून दिली.

काल घरी आणलं आणि आज सकाळी गच्चीवर बोलले. म्हटलं, बाबा, दिवाळीत तुमच्या नडगीवर काळानिळा डाग होता, तुम्ही म्हणालात पाट लागला. तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. एवढंच. बराच वेळ ते कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिले. मग म्हणाले, तुझी आई नऊ वाजता दूध आणून द्यायची. आता नऊ वाजता बाहेर टीव्ही लागतो आणि माझं दार लागतं. आई गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. आणून कोण देतं ते सांगितलं नाही.

मंगळवारी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे यायला तयार आहेत. सोडेन असं म्हणाले नाहीत, मीही म्हणवून घेतलं नाही. दादाला आणून देणाऱ्याची पोलिसात तक्रार करायचीय. मला भीती वाटते की त्यात बाबांचंच नाव येईल.

मांडवीकर
तक्रार नको. बाबांनी विनापरमिट प्यायली, हाही गुन्हाच आहे. आणि सिस्टर, नाडी मोजायला लावलीत ते बरं झालं. सासऱ्यांची मी कधी मोजली नाही.

रावपुरा_जुनी_पेठ
आणून देणारा मोकळाच राहणार मग. उद्या दुसऱ्या कुणाच्या बापाला देईल. मला हे पटत नाही.

निवृत्त_सिस्टर
तक्रारीचं मलाही नक्की सांगता येत नाही, वकिलाला विचारा. मधल्या रात्री कधी अडलीस तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, कुठल्याही वेळी. आणि नऊ वाजताचं दूध दादाला द्यायला सांग, वहिनीला नको. त्याच खोलीत बसून.

दूरची_लेक
सांगितलं. तो म्हणाला, काय बोलू मी त्यांच्याशी? बाटल्या ओतल्यापासून दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. आज रात्री मी दोघांच्या मध्ये बसणार आहे. रविवारी मला पुण्याला परतायचंय.