डीआय तीनने वाढला म्हणजे मात्रा दुप्पट

‘डिजिटल एक्स-रेची इमेज स्वच्छ दिसते, मग एक्स्पोजर जास्त झाले हे कळणार कसे?’

चित्रावरून ते कळत नाही, कारण सॉफ्टवेअर चमक आपोआप जुळवते आणि जादा मात्रेने नॉइज उलट घटतो. म्हणून कन्सोलवरचा DI, म्हणजे मात्रा लक्ष्यापासून किती ढळली ते सांगणारा डेव्हिएशन इंडेक्स, पाहावा. सांगलीतील आमच्या विभागात छातीच्या फिल्मसाठी (आम्ही अजून फिल्मच म्हणतो) EI चे, म्हणजे डिटेक्टरवर पोहोचलेली मात्रा दाखवणाऱ्या एक्स्पोजर इंडेक्सचे, लक्ष्य 250 असताना तो महिनाभर 500 च्या आसपास येत होता, म्हणजे DI = 10 log10(500/250) = +3, अर्थात डिटेक्टरवर दुप्पट मात्रा. इमेज पुन्हा काढावी लागू नये म्हणून कोणीतरी mAs, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह गुणिले वेळ, 4 करून ठेवले होते. ट्यूबचे व्होल्टेज म्हणजे kV तेच ठेवून 2 mAs केल्यावर DI शून्याजवळ आला. मात्र EI हा डिटेक्टरवरचा आकडा आहे, रुग्णाचा डोस नव्हे. कोलिमेशनची, म्हणजे मर्यादित केलेल्या किरणक्षेत्राची, कड सॉफ्टवेअरने चुकीची ओळखल्यास तो फसवतो, त्यामुळे mAs बदलण्याआधी कड तपासावी.