शेवटचा पेपर ते निकाल, या दिवसांत तुम्ही पुढची काय तयारी केली? अनुभव लिहा

रेवती_सातारा: आज भाच्याचा बारावीचा शेवटचा पेपर झाला. घरी येऊन दप्तर कोपऱ्यात टाकलं, पंखा लावला आणि झोपला. त्याला बघून माझं 2009 आठवलं. मीही अशीच झोपले होते, थेट मे उजाडेपर्यंत. आम्ही माळी, ओबीसी. जातीचा दाखला हातात होता, त्यामुळे काम झालं असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. निकालानंतर कळलं की इंजिनिअरिंगला जातीच्या दाखल्याची पडताळणी लागते, आणि त्यासाठी आजोबांचा 1967 च्या आधीचा पुरावा हवा. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. आजोबा 1948 साली गावच्या शाळेत होते. आम्ही धावत गेलो तर शाळेला कुलूप, उन्हाळी सुट्टी. गुरुजी त्यांच्या गावी, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. उतारा मिळाला जूनच्या मध्यात, शाळा उघडल्यावर. तोवर उशीर झाला होता. प्रवेश खुल्या जागेतून घेतला आणि फी सवलत गेली. बाबांनी त्या वर्षी बैल विकला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुमचे ते दिवस कसे गेले?

मंदार७७: वाचून पोटात कालवलं ताई. आमच्याकडे उलट झालं. आईने फार लवकर केलं, फेब्रुवारीतच नॉन क्रिमिलेअर काढून ठेवलं. ते एका वर्षाचं निघालं आणि 31 मार्चला संपलं. जूनमध्ये परत रांग.

पूर्वा_आई: दहावीनंतर कुठला क्लास लावावा कोणी सांगेल का? मुलीला चित्रकला आवडते.

रेवती_सातारा: @पूर्वा_आई वेगळा धागा काढा ना, तिकडे नक्की सांगते.

गणेश_सेतू: मी अकरा वर्षं सेवा केंद्रात बसतोय. मंदार म्हणतो ते दर वर्षी बघतो. दाखल्यावर खाली 'पर्यंत वैध' लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. मुदत येत्या मार्चला संपत असेल तर एप्रिल उजाडू द्या, मग अर्ज करा. उताऱ्याचं मात्र उलटं, ते एप्रिलमध्येच आणा. मेच्या सुरुवातीला शाळा बंद होतात, ताईंचं तेच झालं. शाळेत गेल्यावर 'दाखला द्या' म्हणू नका, 'प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा' मागा. नाव सापडलं की तिथेच उभं राहून जात, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव वाचून घ्या. आमच्याकडे एकाच्या उताऱ्यात आजोबा 'पांडू' आणि बाकी सगळीकडे 'पांडुरंग' होते. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्यात आठवडा गेला.

विजया_ना: बाबांचं पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, असली की मुलाला आपोआप मिळते, एवढी पळापळ कशाला? आमच्या घरी तसंच झालं.

गणेश_सेतू: आपोआप नाही वहिनी. वडिलांचं प्रमाणपत्र भक्कम पुरावा आहे, काम खूप हलकं होतं. पण अर्ज मुलाच्या नावाचाच आणि सोबत वंशावळ लागते. नातं वडिलांकडचंच हवं, मामाचं प्रमाणपत्र चालत नाही.

शशी_लातूर: आजोबा शाळेतच गेले नसतील तर? आमचे गुरं राखायचे.

गणेश_सेतू: तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 विचारा, जुने लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीत जात असते. चुलत आजोबांचा शाळेचा उतारा मिळाला तरी चालतो, नातं वंशावळीत दाखवायचं. पुरावा ज्या तारखेच्या आधीचा हवा ती ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, एससीला 10 ऑगस्ट 1950.

शशी_लातूर: आमच्या कोतवाल बुकाची पानं वाळवीने खाल्लीत, चुलत्यांनी मागे बघितलंय. चुलत आजोबांचंच शोधतो. रविवारी गावी जातोय.

स्नेहल.पुणे: पण मुलांना हे सांगू नका हं. माझ्या लेकाची सीईटी अजून बाकी आहे, पेपर संपले तरी त्याचा अभ्यास सुरूच आहे. फायली मी आणि सासूबाई हिंडवतोय. सासूबाईंना सासऱ्यांच्या शाळेचं नाव तोंडपाठ, पण ती शाळा आता दुसऱ्या गावात विलीन झालीय.

मंदार७७: मग रजिस्टर कुठे गेलं असेल?

स्नेहल.पुणे: गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा म्हणाले. उद्या जाते. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

विजया_ना: पडताळणी निकालाच्या वेळी हातात नसेल तर पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश देतात ना?

गणेश_सेतू: गेली काही वर्षं पावतीवर घेतलं, पुढे मुदत दिली. यंदा काय ते माहितीपुस्तिका आल्यावरच कळेल. त्या भरवशावर थांबू नका.

रेवती_सातारा: भाच्याला उठवलं. त्याच्या आजोबांची शाळा कोरेगावकडे आहे, गुरुजींचा फोन लागला. परवा सकाळी दहाला या म्हणाले, किल्ली त्यांच्याकडेच आहे.