मदत हवी आहे: पाच वर्षांना अडीच महिने कमी, ग्रॅच्युइटी मिळेल का?

सई_फोंडा
वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात १ सप्टेंबर २०२० ला कायम म्हणून लागले. आठवड्याला सहा दिवस काम. आई अंथरुणाला खिळली म्हणून राजीनामा दिला, शेवटचा दिवस १० जून २०२५. फॉर्म आय लगेच दिला, पोच आहे. इतके महिने टोलवून मागच्या आठवड्यात पत्र आलं, "पाच वर्षे पूर्ण नाहीत, सबब देय नाही." शेवटचं बेसिक आणि डीए मिळून १८,२०० होतं. हे बरोबर आहे का?

दर्यावर्दी
आता एका वर्षातच मिळते! नोव्हेंबरात नवे लेबर कोड लागू झाले ना.

जुना_पर्सोनेल
दर्यावर्दी, ती एका वर्षाची सवलत मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना आहे. सईताई कायम होत्या, आणि त्यांनी नोकरी सोडली तेव्हा १९७२ चाच कायदा होता.

सईताई, पाचव्या वर्षात बिनपगारी रजा किती?

सई_फोंडा
वीस दिवस, आईच्या ऑपरेशनला.

जुना_पर्सोनेल
१ सप्टेंबर २०२४ ते १० जून २०२५ हे २८३ दिवस होतात. वीस वजा केले तरी २६३. पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्ट्या मोजायच्या असतात. सहा दिवसांच्या आठवड्याला वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग सेवेचं धरतात, म्हणून पाचवं वर्षही धरावं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण आपण मुंबई उच्च न्यायालयाखाली येतो, तो निकाल इथे बंधनकारक नाही. कंपनी वाद घालणार हे धरून चला.

हिशेब असा: १८,२०० भागिले २६ म्हणजे ७०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे १०,५००. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष होतो, म्हणून पाचपट, ५२,५००. कोणी तीसने भागून दिलं तर घेऊ नका, तिथेच सात हजार जातात.

नकाराच्या पत्राची प्रत जोडून पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात फॉर्म एन द्या. नव्वद दिवसांच्या आत द्या, पत्रावरची तारीख बघा.

मीना_वास्को
आमचे हे तीन वर्षं नोकरी करून ड्युटीवरच वारले. आम्हालाही "पाच वर्षं नाहीत" म्हणूनच परत पाठवलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही.

जुना_पर्सोनेल
मीनाताई, फार वाईट वाटलं. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अटच नाही, वारसाला द्यावीच लागते. किती वर्षं झाली?

मीना_वास्को
सात.

जुना_पर्सोनेल
उशीर माफ करणं अधिकाऱ्याच्या हातात असतं, खात्री देता येत नाही. पण दाखला आणि नेमणूकपत्र घेऊन जा. अर्ज तर द्याच.

सई_फोंडा
पगाराच्या स्लिपा काढून बसलेय. प्रत्येकीवर हजेरीचे दिवस आहेत, फक्त एप्रिलची सापडत नाही. पीएफ पासबुकात त्या महिन्याची नोंद आहे, तेवढी चालेल का?