बाबांची पोळी बंद करून ज्वारीची भाकर सुरू केली, तरी साखर खाली येत नाही. असं का?

पुसदची लेक

बाबा 62 वर्षांचे, सहा वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. सगळे म्हणाले गहू बंद करा, म्हणून दोन महिन्यांपासून दोन्ही वेळा ज्वारीची भाकर देतो. पण जेवणानंतर दोन तासांनी मोजलं की 210-220 येतेच, पोळी होती तेव्हाही तेवढीच यायची. आता शेजारच्या काकू म्हणतात नाचणी सुरू करा. गहू, मैदा, ज्वारी, नाचणी यांत खरंच फरक आहे की नुसतं ऐकीव आहे?

रानमेवा

फरक जमीन-अस्मानाचा आहे ताई. गव्हात ग्लुटेन असतं, ते आतड्याला चिकटतं, तिथूनच सगळे आजार सुरू होतात. नाचणीत प्रोटीन, लोह, कॅल्शियम सगळंच गव्हाच्या कितीतरी पट. आम्ही दोन वर्षांपासून घरात गहू आणत नाही, माझं 8 किलो वजन उतरलं. बाबांना तिन्ही वेळा नाचणी द्या, महिन्यात फरक दिसेल.

आहारवाली काकू

मी 19 वर्षं एका तालुक्याच्या दवाखान्यात आहाराचं काम केलं. लेक, एक काम कर. बाबांच्या ताटात भाकरी किती आणि एका भाकरीला पीठ किती लागतं, ते मोजून सांग. अंदाजे नको. किराणा दुकानातला काटा मिळाला तरी चालेल. पोळीचंही तसंच मोज. त्याशिवाय ज्वारीला दोष देता येणार नाही आणि शाबासकीही देता येणार नाही.

रानमेवा, तुमचं वजन उतरलं याचा आनंद आहे. पण नाचणीत सगळंच जास्त, हे बरोबर नाही. कॅल्शियमचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 360 मिलिग्रॅम, गव्हात आणि ज्वारीत जेमतेम 30 च्या आसपास. प्रोटीन मात्र चौघांत नाचणीतच सर्वांत कमी, 7 ग्रॅम. कणकेत आणि ज्वारीत 10 च्या आसपास. लोह गव्हापेक्षा किंचितच जास्त. ग्लुटेनचा त्रास मुख्यतः ज्यांना सिलिअॅक हा आतड्याचा आजार आहे त्यांना होतो, आणि त्यांना तो फार होतो. बाकीच्यांच्या आतड्याला ते चिकटत नाही.

धुऱ्यावरचा

काटा कायले पाहिजे? आमचा बाप सकाळी तीन भाकरी न् ठेचा खाऊन वखराच्या मागं जाये, ऐंशी वर्ष जगला, शुगर कोणाले म्हणतात माहीत नव्हतं. भाकर मोजून खाणारा माणूस वावरात टिकत नाही. जवार चांगलीच हाये. सवाल हा हाये का ती आता पेरते कोण? आमच्याकडं सोयाबीन न् कपाशी झाली सारी. जवार पेरली तर कणसात दाना भरला का रानडुकरं न् रोही रातभर बसू देत नाहीत, दिवसा पाखरं. कडब्यासाठी दोन एकर पेरत होतो, तेही मागल्या साली सोडलं. अन् बाजारात जवार गव्हाहून महाग.

आहारवाली काकू

भाऊ, तुमच्या वडिलांच्या तीन भाकरी वखरामागं खर्च होत होत्या. लेकीचे बाबा जेवून ओसरीवर बसत असतील तर तेवढ्याच तीन भाकरींची साखर रक्तातच राहते. धान्य तेच, पण जाणार कुठे? डुकरांचं मात्र तुम्ही खरं बोललात. ताटातून ज्वारी गेली तिला तेही एक कारण आहे.

पुसदची लेक

काकू, काल मोजलं. 600 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या 7 भाकरी झाल्या. बाबा एका वेळी अडीच खातात. पोळीचं आईनं केलं: 500 ग्रॅम कणकेच्या 16 पोळ्या. बाबा चार पोळ्या खायचे. आई म्हणते, आधी चार होत्या, आता अडीच आहेत, म्हणजे कमीच झालं ना?

आहारवाली काकू

इथंच फसगत होते. एक भाकर म्हणजे 86 ग्रॅम पीठ. अडीच भाकरी म्हणजे साधारण 215 ग्रॅम. पोळी 31 ग्रॅमची, चार म्हणजे 125 ग्रॅम. आकडा चारावरून अडीचवर आला, पण पीठ पोटात जवळजवळ पावणेदोन पट जायला लागलं.

आता पिठातलं पाहा. 100 ग्रॅम कणकेत पचून साखर होणारा भाग 64 ग्रॅम, ज्वारीत 68. थोडा जास्तच. म्हणजे पोळीच्या वेळी एका जेवणात 80 ग्रॅम जात होता, भाकरीच्या वेळी 145 ग्रॅम. एवढा वाढूनही साखर तेवढीच राहिली, यावरून मला वाटतं ज्वारी काही तरी सांभाळून घेते आहे. पण जे मिळालं ते जास्तीच्या पिठानं खाऊन टाकलं.

चोथा कणकेत 11 ग्रॅम, ज्वारीत 10, नाचणीत 11. म्हणजे कोंड्यासकट कणीक असेल तर तिघी बहिणीच आहेत. वेगळा आहे तो मैदा. त्याचा चोथा 3 ग्रॅमच्या आत, लोह निम्म्याहून कमी. गंमत म्हणजे प्रोटीन मैद्यातही 10 च्या आसपासच राहतं, त्यामुळे नुसतं प्रोटीन पाहिलं तर मैदा आणि कणीक सारखेच दिसतात. गिरणीत दाण्याचं साल आणि कोंब काढले की जे जातं, ते चोथ्याच्या आणि लोहाच्या आकड्यांत दिसतं.

चक्कीवाला

कोंड्यासकट कणीक असेल तर, हा काकूंचा शब्द लक्षात ठेवा. मी चक्की चालवतो, माझ्याकडून अख्खं दळण जातं. घरी गेल्यावर पोळी पांढरी न् मऊ यावी म्हणून बारीक चाळणीनं चाळतात, किलोमागं पाऊणशे-शंभर ग्रॅम कोंडा गाईच्या घमेल्यात. मग ती कणीक मैद्याकडंच निघाली ना? चाळायचीच असेल तर काडीकचरा निघेल एवढ्या मोठ्या चाळणीनं चाळा.

आणि ज्वारीचं तयार पीठ विकत घेत असाल तर एकदा गार पाण्यात भिजवून पाहा. निव्वळ ज्वारीचा गोळा ओढला की तुटतो, भाकर थापतानाही कडा चिरतात, म्हणून तर बायका उकळतं पाणी घालतात. गार पाण्यात मळलेला गोळा रबरासारखा ताणला गेला तर त्यात गहू किंवा मैदा मिसळला आहे. मात्र उलट चूक करू नका: दळून महिना झालेलं शुद्ध पीठही विरी जाऊन जास्तच तुटतं. ज्वारी थोडी थोडी दळावी.

सासूबाई दर्यापूर

मले एक विचारायचं हाये. सुनेला पाचवा महिना, रक्त 9 आहे. गोळ्यांनी मळमळ होते म्हणून मी तिला गोळ्या बंद करून रोज सकाळी नाचणीची आंबील देते. बरोबर आहे ना?

रानमेवा

एकदम बरोबर काकू. नाचणी म्हणजे रक्तवाढीचं अमृत.

आहारवाली काकू

नाही. सासूबाई, आंबील सुरू ठेवा, पण गोळ्या आजच परत सुरू करा. 50 ग्रॅम पिठाच्या आंबिलीतून लोह सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम मिळतं, आणि धान्याच्या सालातले घटक त्यातलंही बरंच अडवून धरतात. तेवढ्यावर 9 चं 11 होणार नाही. त्याच आंबिलीतलं कॅल्शियम मात्र 180 मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे मिलीलिटर दुधाइतकं. बाळंतिणीला त्यासाठीच द्यायची. पीठ रात्री आंबवलं किंवा नाचणीला मोड आणून वाळवून दळलं तर ते अडवणारे घटक कमी होतात. मळमळ होत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत द्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्या वेळेला नको. तरीही होत असेल तर नर्सबाईंना सांगून गोळी बदलून घ्या.

रानमेवा, तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतं, पण गरोदर बाईला गोळी सोडायला लावेल असं लिहू नका.

रानमेवा

गोळ्या बंद केल्याचं मी नीट वाचलंच नव्हतं, ती चूक माझी. पण गव्हाबद्दल मी ठामच आहे. आम्ही गहू सोडल्यावर पोट फुगणं थांबलं, ते काय खोटं?

आहारवाली काकू

खोटं नाही. पण गव्हासोबत तुमच्या घरातून आणखी काय काय गेलं? पाव, बिस्किटं, समोसे?

रानमेवा

हो, तेही गेलंच.

शाळामास्तर

मी स्वतः शुगरचा पेशंट. काकूंसारखंच वजन धरून पाहिलं आहे. एका दिवशी 100 ग्रॅम कणकेच्या पोळ्या, दुसऱ्या दिवशी 100 ग्रॅम ज्वारीची भाकर, भाजी तीच, वेळ तीच. पहिल्या खेपेला भाकरीची साखर 24 नं कमी आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं तर 6 चाच फरक. आता ज्वारीचा गुण आहे म्हणावं की नाही?

आहारवाली काकू

मास्तर, दोन खेपांवरून मी तरी निकाल देणार नाही. घरच्या मशीनचा आकडाही थोडा इकडे-तिकडे होतो. ज्वारीच्या पिष्टाभोवती प्रोटीनचं आवरण असतं, ते सावकाश पचतं असं माझं मत आहे. पण दळण किती बारीक यानंही फरक पडतो. तेच 100 ग्रॅम एकदा जाड कण्या शिजवून खाऊन पाहा.

चक्कीवाला

हे मलाही बघायचं आहे. माझ्याकडं कण्या मागणारे आता वर्षाला चार-पाच गिऱ्हाईकं उरली.

धुऱ्यावरचा

कण्या न् ताक. ते म्या रोज खातो.

पुसदची लेक

काकू, आठ दिवस केलं ते सांगते. भाकर एका वेळी सव्वा, जोडीला वाटीभर घट्ट वरण आणि पालेभाजी. जेवणानंतर चार वेळा मोजलं: 172, 165, 181, 168. पण परवा दुपारी साडेबाराला बाबांना दरदरून घाम आला, हात थरथरत होते, मोजलं तर 64. गूळ दिला, दहा मिनिटांत बरं वाटलं.

अजून एक, जे आधी लिहिलंच नव्हतं. चार वाजताच्या चहासोबत बाबा चार टोस्ट खातात. पाकिटावर गव्हाचं चित्र आहे, पण मागे घटकांत पहिलंच नाव मैद्याचं आहे.

आहारवाली काकू

घाम आणि 64, हे आधी. जेवण निम्म्यानं कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, म्हणून असं झालं असणार. आजच डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखव, मात्रा तेच बदलतील, तू नको. तोवर भाकर दीड कर आणि सकाळची न्याहारी चुकवू देऊ नको. घरात साखर हाताशी ठेव.

टोस्टचं: घटकांत जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहितात, त्यामुळे ते मैद्याचेच. त्याजागी मूठभर फुटाणे देऊन पाहा.

पुसदची लेक

डॉक्टरांकडे उद्या सकाळी नेते. टोस्टचं बाबांना सांगितलं. म्हणाले, भाकर तू मोजलीस, टोस्ट नको मोजू. दोनावर तयार झाले आहेत.